विश्लेषण : डिझेलच्या टाकीत पाणी शिरते कुठून, तळाशी का बसते आणि इंजिनाचे काय बिघडवते?

२६ जून २०२५ च्या रात्री मध्य प्रदेशातील रतलामजवळ एक अजब प्रकार घडला. मुख्यमंत्री मोहन यादव यांच्या ताफ्यासाठी निघालेल्या १९ गाड्यांनी एका पंपावर डिझेल भरले आणि थोडे अंतर जाताच एकामागून एक बंद पडल्या. रस्त्याच्या कडेला टाक्या उतरवून रिकाम्या केल्या, तेव्हा डिझेलबरोबर पाणीही निघाले. प्रशासनाने तो पंप सील केला. बातमी मुख्यमंत्र्यांच्या ताफ्याची होती म्हणून देशभर गाजली. मात्र डिझेलच्या टाकीत पाणी शिरण्यासाठी पंपच लागतो असे नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरमधल्या एखाद्या टॉवरच्या आवारात उभ्या असलेल्या जनरेटरच्या टाकीतही तेच घडू शकते, आणि तिथे ते कळते ते नेमके वीज गेल्यावर.

मुंबईच्या उपनगरांत हा प्रश्न वेगळा का आहे?

मुंबईत वीज क्वचित जाते. त्यामुळे सोसायटीचा जनरेटर वर्षभर जवळपास नुसता उभा असतो. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई महानगराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि उपनगरांतल्या अनेक भागांत वीज परत यायला कित्येक तास लागले. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे हे सगळे अशा दिवशी त्या एका यंत्रावर येते. ती तारीखही लक्षात घेण्यासारखी आहे, कारण पावसाळा नुकताच संपत आलेला असतो. टाकीत चार महिन्यांत जे काही साचायचे ते तोवर साचून झालेले असते.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. मोठ्या सोसायट्यांत जनरेटरशेजारी बहुतेक वेळा ९९० लिटरची टाकी दिसते. हा आकडा कायद्यातून आला आहे. पेट्रोलियम कायद्यानुसार डिझेलचा साठा एकूण २,५०० लिटरपर्यंत असेल आणि कोणतेही एक भांडे १,००० लिटरपेक्षा मोठे नसेल, तर वेगळा परवाना लागत नाही. म्हणून टाकी हजाराच्या किंचित आत बनवली जाते. समजा या टाकीत ६०० लिटर डिझेल आहे आणि १२५ केव्हीएचा जनरेटर आठवड्यातून एकदा दहा मिनिटे बिनाभार चालवून पाहिला जातो. अशा एका चाचणीत साधारण लिटरभर डिझेल जळते, म्हणजे वर्षाला पन्नास-बावन्न लिटर. या गतीने तो साठा दहा वर्षे पुरेल. डिझेल साठवून ठेवण्याची मुदत मात्र सर्वसाधारणपणे सहा महिने ते वर्षभर धरली जाते. टाकीत तेच डिझेल अनेक पावसाळे पाहते, हे अडचणीचे मूळ आहे.

पाणी येते कुठून?

‘हवेतल्या बाष्पाचे पाणी होते’ हे उत्तर सगळीकडे ऐकायला मिळते. ते खरे आहे, पण किती पाणी, याचा हिशेब करून पाहायला हवा.

आपल्या टाकीत डिझेलच्या वर सुमारे ४०० लिटर हवा आहे. दिवसा तापमान वाढले की ही हवा फुगते आणि व्हेंटच्या नळीतून थोडी बाहेर जाते. रात्री गारवा आला की बाहेरची दमट हवा आत येते. टाकीचा हा श्वास दिवसाला साधारण दहा लिटरचा असतो. ३० अंश तापमानाच्या, बाष्पाने पूर्ण भरलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम पाणी मावते. म्हणजे दहा लिटर हवेतून फार तर ०.३ ग्रॅम पाणी आत येईल. ते सगळेच्या सगळे टाकीच्या पत्र्यावर जमून खाली ओघळले असे धरले, तरी १२० दिवसांच्या पावसाळ्यात ३५-४० मिलिलिटर होते. दोन-तीन मोठे चमचे, बस्स.

आता पावसाचा हिशेब पाहा. टाकीच्या माथ्यावर खळगा आहे, तिथे पाणी साचते आणि भरणीच्या झाकणाचे रबर कडक होऊन चिरले आहे. झाकणाखालून सेकंदाला एक थेंब आत पडतो. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला चार लिटरहून जास्त पाणी टाकीत जाते. चार महिन्यांच्या बाष्पातून जेवढे पाणी येते, त्याच्या शंभरपटीहून जास्त पाणी पावसाच्या एका दिवसात येते.

यावरून शोध कुठे घ्यायचा ते कळते. टाकीतून लिटरच्या हिशेबात पाणी निघत असेल, तर बाष्पाला दोष देण्यात अर्थ नाही. झाकणाचे रबर, वर तोंड करून उभी असलेली व्हेंटची नळी, डिप रॉडच्या भोकाचे हरवलेले बूच, उघड्यावर ठेवलेल्या बॅरलमधून ओतलेले डिझेल, यांपैकी काहीतरी गळते आहे. उभ्या बॅरलच्या माथ्यावर पावसाचे पाणी साचते आणि रात्री बॅरल गार झाला की बुचाच्या आट्यांतून ते आत ओढले जाते.

तळघरातल्या टाकीची गोष्ट आणखी वेगळी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच काळात कुलाब्यात जेमतेम ७३ मिलिमीटर. उपनगरांतल्या तळमजल्यांत आणि तळघरांत पाणी भरले. अशा वेळी व्हेंटचे तोंड पाण्याखाली गेले, तर थेंबांचा हिशेबच उरत नाही. म्हणून सखल भागातल्या टाकीची व्हेंट पूररेषेच्या वर, तोंड खाली वळवून आणि जाळी लावून असायला हवी.

पाणी तळाशी का बसते आणि त्याला किती वेळ लागतो?

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, तर एक लिटर डिझेलचे साधारण ८२० ते ८५० ग्रॅम. दोन्ही एकमेकांत जवळजवळ विरघळत नाहीत. नेहमीच्या तापमानाला डिझेलमध्ये दहा लाख भागांत शंभरएक भागांच्या आसपासच पाणी विरघळलेल्या अवस्थेत राहू शकते. त्याहून जास्तीचे पाणी थेंबांच्या रूपात वेगळे होते आणि जड असल्यामुळे खाली जाऊ लागते. डिझेल गार झाले की ही विरघळवण्याची क्षमता आणखी घटते. म्हणून दुपारी नितळ दिसणारे डिझेल पहाटे किंचित धुरकट दिसू शकते.

खाली जाण्याचा वेग मात्र थेंबाच्या आकारावर अवलंबून असतो, आणि तोही वर्गाच्या पटीत. थेंबाची जाडी निम्मी झाली की वेग एक चतुर्थांश होतो. आपल्या टाकीचा तळ १.१ मीटर लांब आणि १ मीटर रुंद आहे असे धरू. मग ६०० लिटर डिझेलची उंची सुमारे ५५ सेंटीमीटर होते. मानवी केसापेक्षा थोडा जाड, म्हणजे १०० मायक्रॉनचा थेंब वरून तळाशी यायला साधारण २५ मिनिटे घेतो. १० मायक्रॉनच्या थेंबाला त्याच अंतरासाठी जवळपास दोन दिवस लागतात. १ मायक्रॉनच्या थेंबाला सहा महिने लागतील, आणि तापमानातल्या रोजच्या बदलामुळे डिझेल हलत राहते, म्हणून तो बहुधा कधीच बसत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. टाकीत नवे डिझेल जोरात ओतले की तळाचे पाणी घुसळले जाते आणि मोठ्या थेंबांचे बारीक थेंब होतात. त्यामुळे डिझेल भरल्यावर लगेच जनरेटर चालवणे ही सगळ्यात वाईट वेळ. निदान एक रात्र, शक्य असेल तर दोन दिवस टाकी शांत राहू द्यावी. दुसरी गोष्ट म्हणजे नुसते थांबून सगळे पाणी निघत नाही. अगदी बारीक थेंबांसाठी फिल्टरच लागतो.

तळाशी किती पाणी साचले की धोका?

आपल्या टाकीच्या तळाचे क्षेत्रफळ १.१ चौरस मीटर आहे. तिथे एक मिलिमीटर उंचीचा थर म्हणजे १.१ लिटर पाणी. इंजिनाकडे जाणारी नळी तळापासून पाच सेंटीमीटर वर असेल, तर कागदावर ५५ लिटर पाणी साचेपर्यंत ती डिझेलच ओढेल. गळक्या झाकणातून दिवसाला चार लिटर येत असेल, तर सतत पडणाऱ्या पावसाचे बारा-तेरा दिवस.

प्रत्यक्षात इतकी सवलत मिळत नाही. टाकी इंजिनाकडच्या बाजूला किंचित झुकलेली असेल, तर सगळे पाणी त्याच कोपऱ्यात, नळीच्या तोंडाशी जमते. टाकी बसवताना उतार निचऱ्याच्या कॉककडे आणि इंजिनाची नळी विरुद्ध टोकाला असावी लागते. लेव्हल बाटली लावून हे पाच मिनिटांत तपासता येते.

शिवाय पाण्याचा थर इंजिनापर्यंत पोहोचला नाही, तरी नुकसान सुरू झालेले असते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. त्यांना राहायला पाणी लागते आणि खायला डिझेल. मुंबईचे तापमान त्यांना मानवते. त्यांची चिकट, तपकिरी-काळी साय तयार होते, तिचे तुकडे सुटून फिल्टरमध्ये अडकतात आणि त्यांतून निघणारी आम्ले लोखंडी पत्रा आतून खातात. यासाठी मिलिमीटरभर थरही पुरतो. म्हणजे बाष्पातून आलेले ते दोन-तीन चमचे टाकी भरण्याइतके नसले, तरी एका खोलगट कोपऱ्यात साचून ही साय जगवू शकतात. ज्या टाकीतले डिझेल वर्षानुवर्षे हलत नाही, तिथे हा त्रास अधिक. वेसाव्याच्या कोळीवाड्यात १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत नांगरलेल्या होड्यांच्या टाक्यांनाही हेच लागू पडते, फक्त तिथे खाऱ्या हवेची भर असते.

इंजिनाचे नेमके काय बिघडते?

डिझेल इंजिनात डिझेल हे जळणही असते आणि वंगणही. इंधन पंप आणि इंजेक्टर यांच्या आतल्या भागांना वेगळे ऑइल मिळत नाही. त्यांच्यातून जाणारे डिझेलच त्यांना घासण्यापासून वाचवते. या भागांमधली फट दोन ते चार मायक्रॉनची असते, म्हणजे केसाच्या जाडीच्या वीसेक पट कमी. तिथे डिझेलऐवजी पाणी आले की वंगणाचा पातळ पडदा तुटतो आणि धातूवर धातू घासतो. एक ओरखडा पुरेसा असतो. इंजेक्टर मग नीट बंद होत नाही, डिझेलचा फवारा न होता थेंब पडतात, ते अर्धवट जळतात आणि धूर वाढतो.

दुसरा मार्ग वाफेचा. आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब दीड हजार बारच्या वर जातो, तर गाडीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार असतो. इंजेक्टरचे टोक तापलेले असते. दाबाखालचे पाणी त्या टोकातून बाहेर पडताना क्षणात वाफ होते आणि टोकाचा धातू उडू शकतो. तिसरा मार्ग साधा गंज. जनरेटर दहा मिनिटे चालवून आठवडाभर बंद ठेवला जातो. त्या दहा मिनिटांत पंपात शिरलेले पाणी उरलेले सहा दिवस तिथेच बसते, आणि पॉलिश केलेल्या पृष्ठभागावर गंजाचा ठिपका उठायला तेवढा वेळ पुरतो.

जुने जनरेटर हे सगळे थोडे फार सहन करत, कारण त्यांचे पंप यांत्रिक आणि दाब कमी होता. १ जुलै २०२३ पासून नव्या जनरेटरना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिक कडक निकष लागू झाले आणि उच्च दाबाची, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची इंजिने वाढली. धूर कमी झाला, पण पाण्याबाबतची सहनशीलताही कमी झाली. जुना जनरेटर बदलून नवा घेणाऱ्या सोसायटीने जुनीच टाकी तशीच जोडणे म्हणूनच महागात पडू शकते.

फिल्टर असतोच ना, मग?

असतो, आणि तो कामही करतो. पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरच्या जाळीवर बारीक थेंब अडतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि खालच्या वाटीत पडतात. वर पाहिलेले गणित इथे उपयोगी येते, कारण थेंब मोठा झाला की तो लवकर बसतो. पण ही वाटी साधारण पेलाभर पाणी धरते. ती भरली की पाणी पुढे जाते. अनेक इंजिनांत वाटीत एक संवेदक असतो. पाण्यातून वीज वाहते, डिझेलमधून जवळजवळ नाही, एवढ्या फरकावर तो चालतो आणि पॅनलवर दिवा लावतो. तो दिवा लागला की इंजिन थांबवून वाटी रिकामी करायची असते. दिवा पुन्हा पुन्हा लागत असेल, तर फिल्टर बदलून भागणार नाही. टाकी पाहावी लागेल.

टाकीत पाणी आहे हे कसे ओळखावे?

सगळ्यात खात्रीची पद्धत पेट्रोल पंपांवर रोज वापरतात. डिप रॉडच्या खालच्या टोकाला पाणी शोधणारी पेस्ट लावायची, रॉड तळापर्यंत सोडून थोडा वेळ धरायचा आणि वर काढायचा. जिथवर पाणी असेल तिथवर पेस्टचा रंग बदलतो. रंगाची रेघ किती मिलिमीटरवर आहे ते मोजले की वरच्या हिशेबाने लिटर काढता येतात.

पेस्ट नसेल, तर तळाच्या कॉकमधून स्वच्छ काचेच्या बरणीत अर्धा लिटर डिझेल काढावे आणि अर्धा तास ठेवावे. चांगले डिझेल नितळ दिसते, बरणीमागे धरलेल्या कागदावरची अक्षरे वाचता येतात. पाणी असेल, तर तळाशी वेगळा थर आणि मधे स्पष्ट रेषा दिसते. ती रेषा आहे की भास, अशी शंका असेल, तर पाण्यात विरघळणारा खाण्याचा रंग एक थेंब टाकावा. तो डिझेलमध्ये मिसळत नाही, मण्यासारखा खाली जातो आणि तळाशी पाणी असेल तर तेवढेच रंगते. रेषेवर तपकिरी साय तरंगत असेल, तर प्रश्न नुसत्या पाण्याचा राहिलेला नाही.

घनता मोजून मात्र थोडे पाणी सापडत नाही. डिझेलमध्ये एक टक्का पाणी मिसळले, तरी घनता लिटरला साधारण दीड ग्रॅमने वाढते, आणि पंपावरच्या तपासणीत नोंदलेल्या घनतेपेक्षा तीन ग्रॅमपर्यंतचा फरक मान्य असतो. भारतीय मानकानुसार डिझेलमध्ये पाण्याची मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम, म्हणजे एक टक्क्याच्या पन्नासाव्या भागाइतकी आहे. हायड्रोमीटर भेसळ पकडण्यासाठी आहे. पाण्यासाठी पेस्ट आणि बरणीच.

पाणी काढायचे कसे?

आधी डिझेल न भरता आणि जनरेटर न चालवता टाकी दोन दिवस शांत ठेवावी. मग सकाळी, टाकी गार असताना तळाचा कॉक हळू उघडून बरणीत काढत जावे. आधी गढूळ पाणी, मग सायीचे तुकडे, मग धुरकट डिझेल आणि शेवटी नितळ डिझेल येते. नितळ आले की कॉक बंद करावा. कॉक जोरात उघडला, तर डिझेलचा भोवरा पाण्याला बाजूला सारून मधूनच वाहू लागतो आणि पाणी टाकीतच राहते.

किती पाणी निघाले याची नोंद तारखेसह लॉगबुकात ठेवली, तर पुढच्या वेळी तुलना करता येते. मेअखेर पन्नास मिलिलिटर आणि ऑगस्टमध्ये पाच लिटर निघाले, तर गळती पावसाची आहे हे सांगायला तंत्रज्ञ लागत नाही. काढलेले पाणी आणि गाळ गटारात ओतू नये. तो घातक कचरा आहे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या संकलकाकडेच द्यावा लागतो.

साय धरली असेल, तर निचरा पुरत नाही. डिझेल बाहेर काढून गाळावे लागते, टाकी आतून घासून साफ करावी लागते आणि गरज असल्यास जंतुनाशक औषध घालावे लागते. साफसफाईआधीच औषध घातले, तर मेलेली साय एकदम सुटून फिल्टर तुंबवते. टाकीच्या आत उतरणे हे प्रशिक्षित माणसांचेच काम आहे, कारण आत डिझेलची वाफ असते आणि श्वास कोंडू शकतो.

पाणी इंजिनात गेल्याची शंका आली तर?

जनरेटरचा आवाज वरखाली होऊ लागतो, भार टाकला की दम कोंडतो, पांढरा धूर येतो आणि मग तो बंद पडतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारण्याचा मोह होतो. तेच टाळायचे असते, कारण प्रत्येक प्रयत्नात पंप आणखी पाणी पुढे ढकलतो. टाकीचा कॉक बंद करावा, फिल्टरची वाटी बरणीत रिकामी करून पाहावी. पाणी निघाले, तर फिल्टर बदलून, नळ्या रिकाम्या करून, स्वच्छ डिझेल भरून हवा काढल्याशिवाय इंजिन चालवू नये. इथवर थांबले, तर खर्च फिल्टर आणि मजुरीचा असतो. त्यापुढे गेले, तर पंप आणि इंजेक्टरचा.

वेळापत्रकही साधे आहे. मेअखेर झाकणाचे रबर, व्हेंट आणि बुचे तपासावीत. पावसाळ्यात दर महिन्याला एकदा आणि एरवी तीन महिन्यांतून एकदा तळाचा निचरा करून नोंद ठेवावी. साठा टाकी मावेल तेवढा न ठेवता काही तासांच्या गरजेइतका ठेवावा. १२५ केव्हीएचा जनरेटर चांगल्या भारावर तासाला साधारण २० लिटर पितो, म्हणजे १२ तासांसाठी २४० लिटर पुरतात. टाकीत रिकामी जागा वाढली तर बाष्प थोडे जास्त येईल, पण ते चमच्यांच्या हिशेबात आहे. उलट साठा कमी असला की डिझेल लवकर बदलते. आठवड्याची चाचणीही बिनाभार करण्यापेक्षा एखादी लिफ्ट आणि पाण्याचा पंप जोडून केली, तर तेच डिझेल थोडे वेगाने वापरले जाते आणि यंत्र खरोखर भार पेलते का, हेही त्याच दहा मिनिटांत कळते.